सावली भिंतीवर, बोट मात्र स्कार्फकडे

फोटो स्टुडिओत आपल्या बायकांना एक वाक्य हमखास ऐकावं लागतं : "मॅडम, स्कार्फ काढा, नाहीतर फोटो रिजेक्ट होईल." कारण विचारलं तर उत्तर येतं, बॅकग्राउंड साफ येत नाही, सावली पडते. या वाक्यात दोन वेगळ्या गोष्टी एकात कालवल्या आहेत. सावली पडली तर फोटो नाकारला जातो, हे खरं. स्कार्फमुळे नाकारला जातो, हे खोटं. भिंतीवरची सावली ही प्रकाशाची चूक असते, आणि तिची शिक्षा आपण डोक्यावरच्या कापडाला देतो.

नियम काय म्हणतो ते आधी पाहू. भारतात पासपोर्ट काढताना मोठ्यांचा फोटो सेवा केंद्रातच काढतात. घरून फोटो न्यावा लागतो तो चार वर्षांखालच्या मुलांचा. परदेशात राहणाऱ्यांना मात्र वकिलातीत स्वतःचा फोटो द्यावा लागतो, आणि सप्टेंबर 2025 पासून तिथले नियम आंतरराष्ट्रीय मापाचे झाले आहेत : 630 गुणिले 810 पिक्सेल, पार्श्वभूमी पांढरी, चेहरा फोटोच्या 80 ते 85 टक्के, चेहऱ्यावर किंवा मागे सावली नको. डोकं झाकायला एरवी मनाई आहे, पण धार्मिक कारणासाठी मुभा आहे. अट एकच : हनुवटीच्या खालच्या टोकापासून कपाळाच्या वरच्या कडेपर्यंत आणि चेहऱ्याच्या दोन्ही बाजू स्पष्ट दिसल्या पाहिजेत. कान किंवा केस उघडे ठेवा असं त्यात म्हटलेलं नाही.

त्याच नियमांत आणखी एक ओळ आहे, जी स्टुडिओवाले वाचत नाहीत : फोटोत सॉफ्टवेअरने फेरफार केलेला नसावा. अमेरिकेचा आणि ब्रिटनचा नियमही हेच सांगतो. म्हणजे "काळजी नको, मागचं कॉम्प्युटरवर पांढरं करून देतो" ही सेवा नव्हे, नकाराची तयारी आहे.

ही बंदी का आहे, ते आपल्या लोकांच्या फोटोंवरच सगळ्यात चांगलं दिसतं. पार्श्वभूमी कापणारं ॲप माणूस कुठे संपतो आणि भिंत कुठे सुरू होते याचा अंदाज करतं. पांढरी टोपी पांढऱ्या भिंतीपुढे असेल तर ते टोपीचा वरचा भाग भिंत समजून पुसतं आणि कपाळ चपटं होतं. पांढरी ओढणी खांद्यापाशी विरघळते. काळ्या स्कार्फभोवती फिकट रेघ उरते. दाढीच्या कडेचे सुटे केस जातात आणि जबडा कात्रीने कापल्यासारखा सरळ होतो. ज्या कडेवरून चेहऱ्याचा आकार ओळखायचा, तीच कड बदलते. तुमच्या फोटोला असं झालंय का, हे पाहायचं असेल तर तो स्क्रीनवर तिप्पट मोठा करा आणि कानापासून खांद्यापर्यंत कडेवर नजर फिरवा. फिकट रेघ, कुरतडलेली कड किंवा फार गुळगुळीत वळण दिसलं, तर तपासणाऱ्यालाही ते दिसणार.

मग सावली काढायची कशी? कॅमेऱ्यापुढे, फोटो काढण्याआधी. आखातात असलेल्या रत्नागिरीच्या एका ताईंचं उदाहरण घेतो, कारण त्यात नेहमीच्या सगळ्या अडचणी एकत्र होत्या. पहिला फोटो मागच्या सावलीमुळे परत आला. दुसरा स्टुडिओने पार्श्वभूमी कापून दिला, तो फेरफार केल्याच्या कारणाने परत आला. तिसऱ्या वेळी स्टुडिओने स्कार्फ काढायला सांगितलं. तेव्हा त्यांनी मला व्हिडिओ कॉल केला आणि फोटो आम्ही घरीच काढला.

पहिल्या फोटोत त्या भिंतीला टेकून उभ्या होत्या आणि फ्लॅश समोरून एका बाजूने पडला होता. अशा वेळी सावली मागे गडद उमटणारच. म्हणून खुर्ची भिंतीपासून चार फूट पुढे घेतली. एवढ्या अंतरावर सावली जमिनीकडे उतरते आणि फोटोच्या चौकटीबाहेर राहते. फ्लॅश बंद केला आणि खुर्ची अशी वळवली की खिडकी समोर येईल. एका गालावर किंचित अंधार उरला, तर त्या बाजूला कोणीतरी पांढरी चादर धरून उभं राहिलं आणि परतलेल्या उजेडाने गाल उजळला. भिंतीचा रंग पिवळट होता, म्हणून तिच्यावर इस्त्री केलेली पांढरी चादर ताणून लावली, कारण चादरीची सुरकुती हीसुद्धा एक सावलीच असते. चादरीच्या कडेला स्विचबोर्ड आणि कॅलेंडरचा खिळा डोकावत होता. ते पुसायचे नाहीत, खुर्ची आणि चादर दोन्ही दोन फूट सरकवायची.

आता स्कार्फ. तो पांढरा होता आणि मागे चादरही पांढरी. बदलून तपकिरी घेतला, कड आपोआप स्पष्ट झाली. छतावरच्या ट्यूबलाइटमुळे स्कार्फची घडी कपाळावर सावली टाकत होती. ट्यूब बंद केली, घडी अर्धा इंच मागे घेतली, आणि हनुवटीवर आलेलं कापड खाली ओढून पिन लावली. फोन डोळ्यांच्या उंचीवर, पाच फुटांवर, ब्युटी आणि पोर्ट्रेट मोड बंद ठेवून. नंतर फक्त मापाला कापलं. कापण्याने माणसाच्या रूपात काही बदलत नाही. तो फोटो स्वीकारला गेला, स्कार्फसकट.

कॉम्प्युटरला हातच लावायचा नाही का? काही फॉर्म फक्त "पांढरी पार्श्वभूमी" एवढंच मागतात आणि फेरफाराला मनाई करत नाहीत. तिथे भिंत उजळायला हरकत नाही. पण ॲपकडून माणूस कापून घेऊ नका. फक्त भिंतीचा भाग हाताने निवडा, माणसाच्या कडेपासून थोडं अंतर ठेवा आणि तेवढ्याच भागाचा उजेड वाढवा. त्याने फिकट सावली निघते, गडद निघत नाही. गडद असेल तर फोटो पुन्हा काढा. चेहऱ्यावरची सावली मात्र कुठल्याही फॉर्मसाठी पुसू नका, कारण ती पुसताना त्वचा आणि नाकाचा उठाव दोन्ही बदलतात.

हे सगळं स्टुडिओवाल्यांना ऐकवताना आपल्या घरातही बोललं पाहिजे. "फोटोत गाल कशाला दिसायला हवेत, स्कार्फ पुढे ओढ," असं सांगणारे वडीलधारे मी अनेकदा पाहिले आहेत. मग फोटो नाकारला की तेच म्हणतात, आपला धर्म पाहून अडवलं. नियमाने दिलेली सवलत डोक्यासाठी आहे, चेहऱ्यासाठी नाही. अमेरिकेच्या पासपोर्टसाठी तर धार्मिक कारणाने रोज डोकं झाकते, असं सहीनिशी लिहून द्यावं लागतं, आणि तरीही चेहरा पूर्ण दिसावा लागतो. हक्क सांगायचा तर तो जेवढा आहे तेवढाच आणि पूर्ण सांगावा. कमी सांगितला तर स्टुडिओ स्कार्फ काढायला लावतो, जास्त सांगितला तर अर्ज परत येतो. दोन्ही वेळा खेटे बाईलाच पडतात.

तेव्हा पुढच्या वेळी "स्कार्फ काढा" म्हटलं, तर वाद घालत बसू नका. एवढंच सांगा : "चेहरा हनुवटीपासून कपाळापर्यंत दिसतोय. सावली तुमच्या लाइटची आहे. मला भिंतीपासून चार फूट पुढे बसवा आणि फोटो पुन्हा काढा." पैसे आपण फोटोचे देतो, कात्रीचे नाही.