तीन काटे, तीन वजने

एकाच माणसाने एकाच अर्ध्या तासात केलेल्या चालण्याचा हिशेब मनगटावरील घड्याळ, खिशातील मोबाइल आणि जिममधील ट्रेडमिल वेगवेगळा देतात, ही तक्रार आता घरोघरी ऐकू येते. वरकरणी ती किरकोळ वाटते. परंतु मधुमेह किंवा रक्तदाबासाठी डॉक्टरांनी चालण्याचे प्रमाण ठरवून दिलेले असते आणि पुष्कळदा पडद्यावरील कॅलरींचा आकडा पाहूनच सायंकाळच्या ताटातील तूप-गोड ठरते. अशा वेळी कोणता आकडा कशासाठी ग्राह्य धरावा, हे ठाऊक असणे आवश्यक ठरते.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की ही तीन यंत्रे एकच वस्तू मोजत नाहीत. घड्याळ मनगटाची हालचाल मोजते. त्यातील सूक्ष्म संवेदक हाताचे झोके टिपतो आणि त्या लयीवरून पावलांचे अनुमान करतो. मोबाइल ज्या ठिकाणी ठेवलेला असेल त्या ठिकाणची हालचाल मोजतो. विजारीच्या खिशात असेल तर त्याला पाऊल चांगले कळते, गल्ल्यावर पडून असेल तर काहीच कळत नाही. ट्रेडमिलला तर आपले पाय दिसतच नाहीत. तिचा पट्टा किती फिरला एवढेच तिला माहीत असते, आणि त्यावरून ती अंतर व वेग सांगते.

यावरून चुकांचे स्वरूपही उलगडते. ट्रेडमिलची दांडी घट्ट धरून चालणाऱ्याचा हात हलत नाही. त्यामुळे घड्याळ बरीच पावले गाळते. भरलेली ढकलगाडी लोटताना किंवा दोन्ही हातांत पिशव्या धरून चालतानाही तसेच घडते. याउलट कणीक मळताना वा टाळ्या वाजवताना बसल्या जागी काही पावले जमा होऊ शकतात. दुकानात गिऱ्हाइकाला माल दाखवताना दोन पावले कपाटाकडे आणि दोन पावले परत, असे जे चालणे होते, ते पुष्कळदा कोणाच्याच खात्यात पडत नाही. कारण बरीच यंत्रे सलग काही पावलांची लय जुळल्याखेरीज मोजणी सुरू करीत नाहीत.

आता एक उदाहरण पूर्ण सोडवून पाहू. समजा, ६० किलो वजनाचे एक गृहस्थ ट्रेडमिलवर ताशी ५ किलोमीटर वेगाने, चढ न देता, अर्धा तास चालले. हात दांडीवर होते आणि मोबाइल यंत्राच्या खणात ठेवलेला होता. शेवटी ट्रेडमिलने २.५ किलोमीटर अंतर आणि १४२ कॅलरी दाखवल्या, घड्याळाने १,९०० पावले आणि ८२ कॅलरी दाखवल्या, तर मोबाइलच्या पावलांत जवळजवळ काहीच भर पडली नाही.

पावलांचा ताळा सोपा आहे. या गृहस्थांचे एक पाऊल सुमारे ७० सेंटिमीटरचे आहे असे मानले, तर २.५ किलोमीटरला सुमारे ३,५७० पावले लागतात. म्हणजे घड्याळाने जवळजवळ निम्मी पावले गाळली. येथे ट्रेडमिलचे अंतर ग्राह्य धरावे आणि दुसऱ्या दिवशी दांडी सोडून, हात मोकळे ठेवून चालावे. तोल जाण्याचे भय असेल तर दांडी मुळीच सोडू नये. त्या दिवसापुरता घड्याळाचा आकडा बाजूला ठेवावा.

कॅलरींचा हिशेब थोडा अधिक समजून घ्यावा लागतो. अनेक ट्रेडमिल वेग, चढ आणि वजन यांवरून ठरावीक सूत्राने कॅलरी काढतात. सपाट पट्ट्यावर ताशी ५ किलोमीटर वेगाने अर्धा तास चालल्यास दर किलो वजनामागे सुमारे १.७७५ कॅलरी खर्च होतात, असे ते सूत्र सांगते. ६० किलोंसाठी हा आकडा सुमारे १०७ येतो. मग १४२ कोठून आले? ८० ला १.७७५ ने गुणले की नेमके १४२ येतात. आधी चालून गेलेल्या कोणाचे ८० किलो वजन यंत्रात तसेच राहिले होते आणि या गृहस्थांनी आपले वजन भरले नव्हते.

तरीही १०७ आणि ८२ यांत अंतर उरतेच. ते व्यापाऱ्याला चटकन उमगेल असे आहे: एक आकडा ढोबळ आहे, दुसरा निव्वळ. हे गृहस्थ तो अर्धा तास नुसते बसून राहिले असते, तरी श्वास, हृदय आणि शरीराची ऊब यांसाठी सुमारे ३२ कॅलरी खर्च झाल्याच असत्या. ट्रेडमिल हा खर्च धरून आकडा सांगते. घड्याळातील ‘सक्रिय’ कॅलरी तो वगळून सांगितलेल्या असतात. ‘एकूण’ कॅलरी पाहिल्या तर तो खर्च त्यातही सापडतो. १०७ मधून ३२ वजा केले की ७५ उरतात. घड्याळाच्या ८२ शी ते बऱ्यापैकी जुळतात.

मात्र एवढ्यावरून घड्याळाची कॅलरी अचूक मानू नये. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये मनगटावर बांधायच्या सात यंत्रांची परीक्षा घेतली होती. त्यांपैकी सहांनी हृदयाचे ठोके बऱ्यापैकी अचूक सांगितले, पण कॅलरीत सर्वांत चांगल्या यंत्राचीही चूक सरासरी २७ टक्के निघाली. ठोक्यांवरून कॅलरी काढणे हे अनुमान असते आणि माणसागणिक ते बदलते. रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल किंवा अटेनोलॉल यांसारखी औषधे घेणाऱ्यांचे ठोके औषधामुळेच कमी राहतात. त्यांच्या श्रमाचा हिशेब घड्याळ कमी लावण्याचा संभव असतो. अशा वाचकांनी घड्याळातील आकडा वाढवण्यासाठी वेग वाढवू नये.

मग विश्वास कोणावर ठेवावा? दिवसभराच्या पावलांसाठी घड्याळावर, कारण ते सतत अंगावर असते. मात्र एकदा काटा तपासून. घड्याळातील आकडा टिपून घ्यावा, सपाट रस्त्यावर तोंडाने मोजत २०० पावले चालावे आणि पुन्हा आकडा पाहावा. वाढ १९० ते २१० च्या दरम्यान असेल तर काटा ठीक आहे. मोबाइल खिशात ठेवून हीच परीक्षा त्याचीही घ्यावी. पट्ट्यावरील अंतरासाठी ट्रेडमिल मानावी. कॅलरीसाठी आपले वजन भरलेल्या ट्रेडमिलचा आकडा घेऊन त्यातून बसल्या जागीचा खर्च वजा करावा. तो दर अर्ध्या तासाला, दर किलोमागे साधारण अर्धी कॅलरी असतो. चढ दिलेला असताना दांडीला लोंबकळून चालल्यास मात्र हाही आकडा फुगतो. चढाचे श्रम हात वाचवतात आणि यंत्राला ते कळत नाही.

एका महिन्यात घड्याळ आणि दुसऱ्या महिन्यात मोबाइल, अशी सरमिसळ केल्यास प्रगती झाली की केवळ काटा बदलला, हे कळण्यास मार्ग उरत नाही. डॉक्टरांना दाखवायची नोंद एकाच यंत्राची, एकाच हातावर बांधलेली असावी.

आणि ताटाचा प्रश्न. वरील उदाहरणात १४२ आणि ७५ यांतील फरक ६७ कॅलरींचा आहे, म्हणजे दीड चहाचा चमचा तुपाएवढा. पडद्यावरील १४२ पाहून जो रोज तेवढेच जास्त खातो, तो चालूनही रोज दीड चमचा तूप अधिक घेतो. वर्षाकाठी ही रक्कम लहान राहत नाही.