गुरुजी, तासाला किती पडले?

गेल्या महिन्यात बाजाराच्या दिवशी एक जुने सहकारी भेटले. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्यावर हळूच म्हणाले, "गावात बोलू रायले जी, गुरुजी आता पैशाला लागले म्हणून!" मी हसलो, पण घरी येईपर्यंत ते डोक्यातून गेलं नाही. म्हणून आज जरा भांडायलाच बसलो आहे. समजून घ्या.

तर झालं असं. निवृत्तीनंतर मी मुद्रितं तपासायचं काम करतो, हे तुम्हाला ठाऊकच आहे. नागपूरचे एक प्रकाशक शाळेच्या अभ्यासाची पुस्तकं पाठवतात. वर्ध्याचे एक छापखानेवाले स्मरणिका आणि गौरवग्रंथ देतात. संध्याकाळी दहावीची सहा मुलं मराठीला येतात. आणि ओटीवर अर्ज लिहून घ्यायला येणारे असतातच, त्यांचे पैसे मी घेत नाही.

पुण्याचा पुतण्या गेल्या दिवाळीच्या आधीच्या दिवाळीत आला होता. म्हणाला, "काका, वर्षभर वही ठेवा. कोणाचे किती पैसे आले आणि कोणासाठी किती वेळ गेला, एवढंच." मला वाटलं, यात काय मोठंसं? प्रकाशक पानाला ३० रुपये देतात, छापखाना ४०. छापखाना बरा! हे सांगायला वही कशाला?

तरी १ एप्रिलपासून वही घातली. नियम एकच. कामाला बसताना घड्याळ बघायचं, उठताना बघायचं, आणि ते त्याच वेळी लिहायचं, रात्री आठवून नाही. फोनवरचं बोलणं लिहायचं, एस.टी.ची वाट बघणंही लिहायचं. ३१ मार्चला बेरीज मांडली आणि मी खुर्चीत मागे टेकलो.

प्रकाशकांची १२०० पानं झाली होती, ३६,००० रुपये. दुसरं मुद्रित आणि फोन धरून २४० तास. म्हणजे तासाला १५० रुपये.

छापखान्याची ६०० पानं, २४,००० रुपये. नुसत्या वाचनाचे तास १००. इथवर हिशेब उत्तम होता. पण स्मरणिकेत प्रत्येक पदाधिकाऱ्याला शेवटच्या दिवशी आपलं नाव वर हवं असतं. तिसरं मुद्रित, मग चौथं, असे ११५ तास. 'या ना गुरुजी, समोर बसून पाहून घेऊ' म्हणून वर्ध्याच्या वीस खेपा, प्रत्येकी साडेतीन तास, म्हणजे ७० तास. फोन आणि पैशाची आठवण करून देणं, १५ तास. एकूण ३००! खेपांचा खर्च २,००० वजा केला तर हातात २२,०००. तासाला ७३ रुपये. पानाला जास्त देणारा तासाला निम्म्याहून कमी देत होता. आणि गंमत म्हणजे वही उघडण्याआधी मला कोणी विचारलं असतं, तर मी या कामाचे दीडशे तास सांगितले असते. जे फुकट जातं ते आठवणीतही राहत नाही.

शिकवणीचे १८,००० रुपये, २०० तास, म्हणजे ९०. अर्जांचे ६० तास, रुपये शून्य.

पुतण्याचा फोनवरून निकाल तयार! "काका, शंभराच्या खालचं सगळं बंद करा." इथे माझं त्याच्याशीही भांडण आहे. सरासरी काढली की डोकं बाजूला ठेवायचं, असं नसतं. शिकवणी संध्याकाळी असते. त्या वेळी माझ्या डोळ्यांना बारीक अक्षर दिसत नाही, म्हणजे तो तास दुसऱ्या कोणाला विकताच येत नाही. शिकवणी सोडली तर १८,००० जातील आणि बदल्यात काहीच येणार नाही. उलट छापखान्याचे तास सकाळचे. प्रकाशकांनाही तेच हवे होते, आणि मी 'वेळ नाही' म्हणून त्यांची दोन पुस्तकं परत केली होती. छापखान्याचे २२,००० भरून काढायला १५० च्या दराने फक्त १४७ तास लागतात. तीनशेच्या जागी एकशे सत्तेचाळीस. प्रश्न 'दर कमी कुठे' एवढाच नाही. 'हा तास मोकळा झाला तर त्याचं काय होईल' हाही आहे.

तरी मी एकदम काम सोडलं नाही. मालकांना सांगितलं की दोन मुद्रितं ठरल्या पैशात, तिसऱ्यापासून पानाला वीस रुपये वेगळे, कागद तुम्ही पाठवायचे, आणि पैसे महिन्याच्या आत. ते माझेच विद्यार्थी. त्यांना वाईट वाटलं. "गुरुजी, तुम्ही पण हिशेब करू लागले?" मार्चची स्मरणिका पूर्ण करून दिली, आणि आमचं काम थांबलं. गावातली बातमी तिथूनच निघाली असावी.

आता माझं म्हणणं ऐका. विद्येचे पैसे मोजू नयेत, ही शिकवण आम्हाला मिळाली. पण न मोजल्याने पैसे नाहीसे होत नाहीत, ते फक्त दुसऱ्याच्या खिशात राहतात. हे काही शहरी खूळ नाही, आपल्याच जिल्ह्यात हा वाद होऊन गेला आहे. १९३५ साली गांधीजी वर्ध्याला मगनवाडीत असताना त्यांनी चरखा संघाला विचारलं, कातणारीला तासाला काय मिळतं? आठ तासांच्या चोख कामाला आठ आणे मिळावेत, हा त्यांचा आग्रह. खादी महाग होईल, खपणार नाही, अशी भीती अनेकांना होती. खादी स्वस्त होती ती कातणारीच्या तासांवर, हे त्यांनी उघडं केलं. नालवाडीत विनोबा स्वतः रोज आठ-नऊ तास कातून त्या मजुरीत जगता येतं का, ते बघत होते. आठ आण्यांचा दर संघाला देता आला नाही, पण मजुरी वाढली. संतमाणसांनी तास मोजले, तर मास्तराने का मोजू नयेत?

अर्ज मात्र चालूच आहेत. निराधार योजनेचा कागद घेऊन येणाऱ्या म्हातारीचे साठ तास मी देतो, आणि वहीत 'दिले' म्हणून लिहितो. ज्याची ऐपत नाही त्याला मी देतो. ज्याची ऐपत आहे तो मान देऊन नेतो, त्याला देणं म्हणत नाहीत.

धोका आहे, तोही सांगतो. आता दोन तृतीयांशाहून जास्त पैसा एकाच प्रकाशकांकडून येतो. उद्या त्यांनी हात आखडला तर माझी वही काय कामाची? म्हणून दुसरा शोधतो आहे. सहा महिन्यांत मोकळ्या तासांपैकी ९० भरले, म्हणजे छापखान्याचे अर्ध्या वर्षाचे पैसे निघून वर थोडे उरले. बाकीच्या सकाळी मी आवारातल्या लिंबाखाली बसतो. तेही वहीत लिहितो.

पैशाला लागलो म्हणता? लागलो खरा, पण वेळेला. पंचाहत्तरीच्या पुढे तीच जास्त कमी पडते हो! असो. वहिनी, तुम्ही शिवणकामाची वही घालणार होता, घातली का?