तेलकट चेहरा, दमट हवा आणि सनस्क्रीनचा थर

ऑस्ट्रेलियातील ‘चॉइस’ या ग्राहक संघटनेने २०२५ मध्ये २० सनस्क्रीन तपासली, तेव्हा १६ उत्पादने वेष्टनावरील एसपीएफच्या कसोटीला उतरली नाहीत. त्यांत सर्वांत खाली होते झिंक ऑक्साइडचे, चेहरा तेलकट दिसू न देणारे एक क्रीम. वेष्टनावर ५०+, चाचणीत ४. कंपनीने आधी निष्कर्ष नाकारले, पुढे फेरचाचण्यांचे आकडे जुळेनात म्हणून माल मागे घेतला. ‘मुरुमांच्या त्वचेला मिनरलच बरे’ हा सल्ला ऐकून ट्यूब निवडणाऱ्यांनी ही घटना लक्षात ठेवावी अशी आहे.

मिनरल म्हणजे झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडची बारीक भुकटी. केमिकल म्हणजे ॲव्होबेंझोनसारखी सेंद्रिय संयुगे. पहिले किरण परतवते आणि दुसरे शोषते, असे सर्रास सांगितले जाते. प्रत्यक्षात मिनरलही अतिनील किरण बहुतांशी शोषूनच घेते. परतवते ते फारच थोडे. मिनरलकडे ओढा वाढला तो अमेरिकेच्या एफडीएमुळे. तिने २०१९ मध्ये फक्त ही दोन मिनरल निर्विवाद सुरक्षित धरली आणि अनेक केमिकल घटकांसाठी जास्त माहिती मागितली. ती घातक आहेत, असे तिने म्हटलेले नाही. रक्तात हे घटक सापडले त्या चाचणीत सुमारे पाऊण अंगाला, दिवसातून चार वेळा, भरपूर सनस्क्रीन लावले होते.

मुंबई-कोकणातल्या मे महिन्यात खरा प्रश्न वेगळाच असतो. हवा दमट असल्याने घाम सुकत नाही. तो तेलात मिसळून थराखाली साचतो. भुकटी जास्त असलेले क्रीम मग गोळा होते, भुवया आणि नाकाच्या कडेला पांढरे साचते. सावळ्या चेहऱ्यावर तर राखाडी छटा येते. माणूस साहजिकच कमी लावतो, आणि तिथेच संरक्षण संपते.

किती कमी, हे ट्यूबवरून कळते. एसपीएफ मोजताना दर चौरस सेंटीमीटरला २ मिलिग्रॅम लावतात. चेहरा साधारण ६०० चौरस सेंटीमीटर धरला, तर एका वेळी सव्वा ग्रॅमच्या आसपास लागते. म्हणजे ५० ग्रॅमची ट्यूब रोज एकदा, फक्त चेहऱ्याला लावली तरी चाळीसेक दिवसांत संपायला हवी. ती चार महिने पुरत असेल तर चेहऱ्यावर जेमतेम एक तृतीयांश थर जातो, आणि मग एसपीएफ ५० हा आकडा वेष्टनावरच राहतो.

म्हणून बहुतेक तेलकट चेहऱ्यांना या हवेत पातळ केमिकल जेल किंवा फ्लुइड सोयीचे पडते, कारण ते पुरेसे लावले जाते. त्याचेही दोष आहेत. घामाबरोबर डोळ्यांत गेले की ॲव्होबेंझोन झोंबते, शिवाय जोडीला योग्य घटक नसले तर ते उन्हातच विघटन पावते. अल्कोहोल जास्त असलेले जेल ॲडापॅलिन किंवा बेंझॉइल पेरॉक्साइडने आधीच सोललेल्या त्वचेवर आग करते. अशा उपचाराच्या काळात झिंकचे सनस्क्रीन बरे, त्यातही त्वचेच्या रंगाचे. त्यातले आयर्न ऑक्साइड दृश्य प्रकाशही अडवते. मुरुम गेल्यावर उरणारे काळे डाग या प्रकाशाने गडद होतात आणि साध्या सनस्क्रीनमधून तो बराचसा पार जातो. मुरुमांसाठी डॉक्सिसायक्लिन चालू असेल तर ऊन जास्त बाधते. तेव्हा सनस्क्रीनबरोबर टोपी किंवा ओढणीही हवी.

मुरुम वाढले तर दोष सनस्क्रीनचाच का, हे वेळेवरून ओळखता येते. लावल्यावर मिनिटांत आग होत असेल तर ती जळजळ आहे. एक-दोन दिवसांत कपाळावर सारख्या आकाराचे, खाजरे बारीक पुरळ आले तर बहुधा घामोळे. छिद्रे बुजून आलेले पांढरे-काळे ठिपके मात्र आठवड्यांनी दिसतात, आणि त्याला फिल्टरपेक्षा त्याभोवतीचे मेण, लोणी, जड तेले अधिक कारण ठरतात. ‘नॉन-कॉमेडोजेनिक’ या शब्दामागे ठरलेली अशी एकच चाचणी नाही. त्यामुळे नवी ट्यूब आधी जबड्याच्या एका बाजूला दोन-तीन आठवडे लावून पाहावी आणि त्या काळात दुसरे काहीही नवे सुरू करू नये. बाहेर असताना दर दोन तासांनी पुन्हा लावण्यापूर्वी घाम रुमालाने टिपून घ्यावा. चोळून पुसला तर उरलेला थरही निघून जातो.