पहिल्या जलतरण स्पर्धेत मूल ‘अपात्र’ का ठरते?

उन्हाळी वर्गात पोहायला शिकलेली अनेक मुले-मुली आता शाळेच्या किंवा क्लबच्या स्पर्धेत उतरू लागली आहेत. अम्मी-अब्बा पहिल्यांदाच गॅलरीत बसून शर्यत पाहतात. मूल दुसरे किंवा तिसरे येते, घरचे खुश होतात आणि थोड्या वेळाने निकालाच्या कागदावर त्याच्या नावापुढे ना क्रमांक असतो ना वेळ, फक्त ‘डीक्यू’ ही दोन अक्षरे. डीक्यू म्हणजे अपात्र. मग ‘पंचांनी पक्षपात केला’ असा सूर निघतो आणि मूल रडवेले होते. पंच नेमके काय पाहतात हे आधीच ठाऊक असेल तर हा मनस्ताप टळतो. म्हणून या वेळी आपण तेवढेच समजून घेऊ.

फ्रीस्टाईलमध्ये अपात्र ठरण्याचा धोका सर्वांत कमी. दमलेले मूल तळाला पाय टेकवून क्षणभर उभे राहिले तरी चालते. मात्र तळावरून चालत पुढे जायचे नाही आणि लेनची दोरी ओढायची नाही. लहान मुलांची खरी परीक्षा असते ती ब्रेस्टस्ट्रोकमध्ये.

एक उदाहरण घेऊ. दहा वर्षांची मुलगी 25 मीटरच्या तलावात 50 मीटर ब्रेस्टस्ट्रोक पोहते आहे. म्हणजे भिंतीला दोनदा स्पर्श, एकदा वळताना आणि एकदा शेवटी. दोन्ही वेळा दोन्ही हात एकाच क्षणी भिंतीला लागले पाहिजेत आणि ते एकमेकांपासून वेगळे हवेत, एकावर एक ठेवलेले नकोत. आपली मुलगी पुढे आहे. भिंत दिसताच तिला वळण्याची घाई होते. स्पर्श होण्याआधीच तिचा डावा खांदा मागे जातो, उजवा हात भिंतीला लागतो आणि डावा हात भिंतीला न लागताच मागे वळतो. वळण झटकन होते, गॅलरीतून टाळ्या पडतात. पण त्या टोकाला उभा असलेला पंच हात वर करतो. एका हाताने स्पर्श केला की शरीर लवकर फिरते, म्हणजे इतरांपेक्षा वेळ वाचतो. तो फायदा कुणाला मिळू नये म्हणून हा नियम आहे. बटरफ्लायलाही हाच नियम लागू आहे.

इथे पालकांचा एक गैरसमज होतो. एक हात थोडा वर आणि दुसरा थोडा खाली लागला तर ती चूक नाही. उंची सारखी असण्याची अट नाही, क्षण एक असण्याची आहे. स्पर्श झाल्यावर मुलीने कसेही वळावे, त्याला बंधन नाही. म्हणून सरावात तिच्या मनात क्रम पक्का बसवावा: आधी स्पर्श, मग वळण.

ब्रेस्टस्ट्रोकमधली दुसरी चूक पायांची. पाय मारताना दोन्ही पावले बाहेरच्या बाजूला वळलेली हवीत आणि दोन्ही पायांची हालचाल एकाच वेळी व्हायला हवी. काही मुलांचे एक पाऊल नीट बाहेर वळते आणि दुसरे सरळच राहते. मग पाय बेडकासारखे न चालता कात्रीसारखे चालतात. याचे कारण बहुधा कमरेत असते: एक बाजू खाली झुकली की त्या बाजूचे पाऊल वळत नाही. हे ओळखायचे असेल तर मूल आपल्यापासून दूर जात असताना मागून पाहावे. दोन्ही तळवे सारखे बाहेर फिरताना दिसले तर ठीक; एकच दिसला तर प्रशिक्षकांना सांगावे. ही खोड बोलून सुटत नाही, काठ धरून सावकाश पाय मारण्याच्या सरावानेच सुटते.

आता बॅकस्ट्रोक. पाठीवर पोहणाऱ्या मुलाला भिंत दिसत नाही, म्हणून भिंतीच्या 5 मीटर आधी तलावावर पताका टांगलेल्या असतात. पताका डोक्यावर आली की भिंतीपर्यंत किती हात मारायचे हे मूल मोजून ठेवते. वळण्यासाठी पोटावर पालथे होण्याची मुभा आहे; पण पालथे झाल्यावर लगेच, न थांबता हात ओढून वळण सुरू करावे लागते. मोजणी चुकून मूल लवकर पालथे झाले तर भिंत अजून दूर असते आणि ते तसेच तरंगत किंवा पाय मारत तिच्याकडे सरकते. याच कारणाने मुले अपात्र ठरतात. भिंतीवरून पाय सुटताना मूल पुन्हा पाठीवर असले पाहिजे आणि शर्यतीचा शेवटचा स्पर्शही पाठीवर असतानाच व्हायला हवा.

ही चूक फक्त नवख्यांची नाही. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये महिलांच्या 200 मीटर वैयक्तिक मेडलेच्या अंतिम फेरीत अमेरिकेची ॲलेक्स वॉल्श तिसरी आली होती. मेडलेमध्ये बटरफ्लाय, बॅकस्ट्रोक, ब्रेस्टस्ट्रोक आणि फ्रीस्टाईल असा क्रम असतो. बॅकस्ट्रोक संपवून ब्रेस्टस्ट्रोककडे वळताना तिने भिंतीला स्पर्श केला तेव्हा ती पुरती पाठीवर नव्हती. ती अपात्र ठरली आणि कांस्यपदक ऑस्ट्रेलियाच्या केली मॅककोनला मिळाले.

सुरुवातीचेही एक सांगायला हवे. इशारा होण्याआधी उडी मारली तर दुसरी संधी नसते. अनेकदा शर्यत थांबवली जात नाही; मूल पूर्ण अंतर पोहते आणि अपात्र ठरल्याचे नंतर कळते. म्हणून ‘पोहू दिले, मग आता का काढले?’ या प्रश्नाला अर्थ उरत नाही.

पंच हात वर करतो म्हणजे निकाल लागला असे नाही. तो काय पाहिले ते चिठ्ठीवर लिहितो आणि निर्णय रेफरी घेतात. 2004 च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये अमेरिकेचा ॲरन पीअरसोल 200 मीटर बॅकस्ट्रोक जिंकूनही वळणाच्या चुकीसाठी अपात्र ठरवला गेला होता. पंचांची लेखी नोंद पुरेशी नसल्याने तो निर्णय थोड्याच वेळात फिरला आणि सुवर्णपदक त्याच्याकडेच राहिले. चिठ्ठीला एवढे महत्त्व आहे.

म्हणून निकालात ‘डीक्यू’ दिसले तर पालकांनी तलावाच्या काठावर जाऊन पंचांशी वाद घालू नये. प्रशिक्षकांना शांतपणे विचारावे, ‘चिठ्ठीवर काय कारण लिहिले आहे?’ हरकत घ्यायचीच असेल तर ती संघातर्फे, लेखी आणि आंतरराष्ट्रीय नियमानुसार शर्यत संपल्यापासून 30 मिनिटांच्या आत द्यावी लागते. गॅलरीतून काढलेला मोबाईलचा व्हिडिओ पंचांपुढे नेण्यापेक्षा घरी मुलाला दाखवण्यासाठी ठेवावा. वळणाच्या वेळी कोणता हात आधी लागला हे त्याला स्वतःच दिसते, आणि पुढच्या सरावात प्रशिक्षकांनी काय सांगायचे तेही ठरते.