पत्रातील 45747

डोंबिवली पूर्वेतील एका गृहनिर्माण संस्थेच्या सचिवांनी जून 2025 मध्ये थकबाकीदार सभासदांना स्मरणपत्रे पाठवण्यासाठी एक्सेलचा तक्ता वर्डशी मेल मर्जने जोडला. तक्त्यात सारे नीटनेटके होते. छापील पत्रात मात्र ‘देय दिनांक: 45747’ आणि ‘व्याज रु. 220.803287671…’ असे उमटले. सभासदाने ते पत्र परत आणून दिले व हिशेबच चुकीचा असल्याचे सांगितले.

हिशेब चुकीचा नव्हता. 1 जानेवारी 1900 हा पहिला दिवस धरून एक्सेल दिवस मोजते. त्या मोजणीत 31 मार्च 2025 म्हणजे 45747. खणात दिसणारी तारीख हा त्या अंकावर चढवलेला पोशाख असतो. सचिवांनी ‘देय दिनांक’ हे शब्द आणि तारखेचा खण & चिन्हाने जोडले होते; त्या जोडणीत पोशाख गळून मूळ अंक उरला. व्याजाचेही तसेच झाले. 7,340 रुपयांवर 18 टक्के दराने 61 दिवसांचे व्याज दोन दशांश स्थळांपर्यंत दिसत होते, परंतु वर्डने दिसणारी नव्हे, तर साठवलेली संख्या उचलली.

उपाय तक्त्यातच आहे. C मध्ये तारीख, B मध्ये थकबाकी आणि D मध्ये व्याज असेल, तर D मधील व्याज आधी पैशांपर्यंत पूर्णांकित करावे आणि पत्रासाठी दोन वेगळे रकाने करावेत:

```
D2: =ROUND(B2*18%*61/365,2)
E2: ="देय दिनांक: "&TEXT(C2,"dd/mm/yyyy")
F2: =TEXT(D2,"0.00")
```

पत्रात E आणि F हेच रकाने घ्यावेत. आता 220.80 छापले जाते व एकूण येणे 7,560.80 होते. ROUND वगळल्यास दडलेले दशांश बेरजेत शिरतात. मग पत्रांतील रकमांची बेरीज व खातेवहीची बेरीज काही पैशांनी जुळत नाही. F हा मजकूर असल्याने बेरीज मात्र D ची घ्यावी.

45747 ही चूक निदान डोळ्यांत खुपते. अधिक घातक चूक मूक असते. तारखेचा रकाना थेट पत्रात घेतला, तर वर्ड ती पुष्कळदा अमेरिकी पद्धतीने, महिना आधी लिहून छापते. 5 एप्रिलचे 4/5/2025 होते आणि सभासद ते 4 मे असे वाचतो. 31 मार्चचे 3/31/2025 झाले तर शंका येते. बारा किंवा त्याहून लहान दिवसांत ती येत नाही. तेथेही TEXT चा रकाना पुरतो. वर्डमध्येच दुरुस्ती करायची असल्यास Alt+F9 दाबून त्या क्षेत्राच्या नावापुढे `\@ "dd/MM/yyyy"` लिहावे. यातील MM मोठ्या लिपीतच हवे, कारण लहान mm म्हणजे मिनिटे.

म्हणून छपाईपूर्वी Preview Results मध्ये असे एक पत्र उघडावे, ज्यातील दिवस बारापेक्षा लहान आहे, आणि ते खातेवहीशी ताडून पाहावे.