माझे कान शाबूत आहेत, धन्यवाद

दहाव्या वर्षी मला गाण्याच्या क्लासला घातलं आणि चौदाव्या वर्षी काढलं. मधली चार वर्षं बाईंनी पेटीचा एक सूर धरायचा, मी तो लावायचा आणि बाईंनी कपाळावर हात मारायचा, असा नित्यक्रम होता. "कान दे गं, कान दे!" असं त्या म्हणत. मी कान देत होते. माझ्याकडे देण्यासारखं तेवढंच होतं. शेवटी बाईंनी आईला बोलावून, आवाज खाली आणल्यासारखं करून पण मला ऐकू जाईल अशा बेताने सांगितलं, "हिला एकदा कानाच्या डॉक्टरांना दाखवा."

दाखवलं. काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले, हातात बटण दिलं. आवाज आला की बटण दाबायचं. शिट्टी हळू हळू बारीक होत गेली, पार डास गुणगुणावा इतकी झाली, तरी माझं बटण चालूच. रिपोर्ट उत्तम आला. डॉक्टर म्हणाले, "कान ठणठणीत आहेत. लक्ष देत नसेल." त्या एका वाक्याने माझं व्यंग माझ्या चारित्र्यावर ढकललं गेलं. तेव्हापासून मी घरात अरसिक, आळशी आणि आगाऊ ठरले. त्यातला शेवटचा आरोप खरा आहे.

त्या काचेच्या खोलीत नेमकं काय मोजतात ते बघू. साधारण २५० ते ८००० हर्ट्झपर्यंतच्या ठरावीक स्वरांच्या शिट्ट्या एकेक करून वाजवतात आणि प्रत्येक शिट्टी किती बारीक झाली तरी तुम्हाला ऐकू येते, ते डेसिबलमध्ये टिपतात. प्रश्न एकच असतो: आवाज आला का? हा आवाज मघाच्या आवाजापेक्षा उंच होता की खाली, हे त्या खोलीत कुणी विचारत नाही. म्हणजे दाराशी पाहुणा आला की नाही एवढंच ती तपासणी सांगते. पाहुणा कोण, ते घरातल्यांनी ओळखायचं असतं. आमच्या घरात पाहुणा येतो, चहा पितो, निघून जातो, आणि कोण आलं होतं ते मला कळत नाही.

माझ्या उलट माझे वडील. नाना आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत आणि त्यांचा रिपोर्ट डोंगरउतारासारखा आहे: खालच्या स्वरांना रेघ बऱ्यापैकी वर, २००० हर्ट्झच्या पुढे धाडकन खाली. वयाने येणारा हा बहिरेपणा अंतर्कर्णातला. तिथल्या शंखात केसांसारखे तंतू असलेल्या पेशी असतात, त्यातल्या उंच स्वर टिपणाऱ्या आधी झिजतात. उंच स्वर गेले की स, श, त, क यांसारखी व्यंजनं जातात. म्हणून नानांची तक्रार ऐकू येत नाही अशी नसतेच. "तुम्ही सगळे पुटपुटता" अशी असते. पण माणसाच्या गळ्याचा मूळ सूर या घसरगुंडीच्या बराच खाली असतो, तानपुऱ्याचाही. रेडिओ मोठा केला की चार आवर्तनांत नाना राग सांगतात, आणि निषाद जरा उतरलेला असेल तर तोंड वाकडं करतात. त्यांचे कान गेलेत, गाणं गेलेलं नाही. माझे कान शाबूत आहेत आणि गाणं कधी आलंच नाही.

(नानांचं श्रवणयंत्र मात्र गाण्याचं वैरी आहे. ही यंत्रं बोलणं ऐकू यावं म्हणून बनवतात. स्वतःच्या शिट्टीचा आवाज दाबण्याची सोय त्यांच्यात असते, आणि तानपुऱ्याचा अखंड सूर ही आपलीच शिट्टी आहे असं समजून ते यंत्र त्याला दाबायला धावतं. मग तानपुरा पाण्यात बुडून गातोय असं वाटतं, असं नाना म्हणतात. काही यंत्रांत संगीतासाठी वेगळी सोय असते. ती चालू करून देणारा माणूस लागतो.)

माझ्या अवस्थेला नाव आहे, जन्मजात अम्यूझिया, आणि ते मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. रंगांधळेपणा हा शब्द मराठीत रूढ झाला, स्वरांधळेपणा झाला नाही. लाल-हिरवं न ओळखणाऱ्या मुलाला कुणी "डोळे दे रे, डोळे दे!" म्हणून चार वर्षं छळत नाही.

२००२ साली माँट्रियलच्या इझाबेल पेरेट्झ आणि सहकाऱ्यांनी मोनिका या टोपणनावाच्या एका मध्यमवयीन बाईंची सविस्तर नोंद छापली. श्रवण नॉर्मल, बुद्धी आणि स्मरणशक्ती सरासरीपेक्षा वर, लहानपणी चर्चच्या गायकवृंदात आणि शाळेच्या बँडमध्येही काढलेली वर्षं. आणि तरी दोन चाली एकच आहेत की वेगळ्या, ते त्यांना सांगता येत नव्हतं. म्हणजे संस्कारांची कमतरता नव्हती, संधीची नव्हती, बुद्धीची नव्हती. माझ्या गाण्याच्या बाईंनी हे वाचलं असतं तर कपाळ वाचलं असतं.

पुढे पेरेट्झ आणि क्रिस्टा हाइड यांनी २००४ मध्ये एक इतकी साधी चाचणी छापली की ती आमच्या पेटीवरही थोडीफार करता यावी. एकच सूर पाच वेळा वाजवायचा. कधी पाचही सारखे, कधी चौथा किंचित वर-खाली. कधी सूर तोच ठेवून चौथ्याची वेळ किंचित मागेपुढे. ऐकणाऱ्याने सांगायचं, बदल होता का. सा आणि कोमल रे यांच्यातल्या अंतराचे शंभर भाग केले तर त्यातल्या पंचवीस भागांचा फरकही साध्या माणसाला सहज कळतो. अम्यूझिया असलेल्यांना एका अर्धस्वराहून लहान फरक पकडताना धाप लागते, आणि सरावानेही त्यात सुधारणा झाली नाही. वेळेतला फरक मात्र त्यांनी इतरांइतकाच ओळखला. एक कोमल आणि एक शुद्ध, एवढ्यावर आपले राग उभे असतात. स्वरांच्या यादीत बिलावल आणि यमन यांच्यात फक्त मध्यमाचं अंतर, तेही अर्ध्या स्वराचं. मला दोन्ही म्हणजे एकाच चाळीतले दोन जिने.

भाचीने, ती ऑडिओलॉजी शिकते, माझ्यावर माँट्रियलचीच मोठी चाचणी केली. चालींच्या जोड्या ऐकायच्या, सारख्या की वेगळ्या ते सांगायचं. स्वरांच्या भागात मला तीसपैकी सोळा. नुसतं नाणं उडवलं असतं तरी पंधरा आले असते. लयीच्या भागात सत्तावीस. तिने लगेच बजावलं की या चाली पाश्चात्त्य वळणाच्या आहेत, आपल्याकडच्या माणसाचे गुण त्यांच्या मापाने मोजताना जपून राहावं. जपून राहते. पण सोळा म्हणजे सोळा.

लोक विचारतात, मग बोलणं कसं कळतं? "जेवलास." आणि "जेवलास?" यांत मराठीत फरक फक्त आवाजाच्या चढाचा. तो कळतो, कारण प्रश्नाचा चढ अर्ध्या स्वराचा नसतो, चांगले चार-पाच अर्धस्वर किंवा त्याहून जास्त असतो. एवढी मोठी उडी माझ्या जाळ्यातूनही निसटत नाही. बारीक मासे निसटतात. २०१२ मध्ये छापलेल्या एका अभ्यासात, बोलण्यातली भावना नुसत्या आवाजावरून ओळखताना अशी माणसं इतरांपेक्षा कमी पडली. नवऱ्याने "बरं" म्हटलं की त्यात होकार आहे की घुसमट, हे मला त्याच्या तोंडाकडे बघूनच ठरवावं लागतं. फोनवर मी तीस वर्षं फसत आले आहे.

आता माझ्या रागाचं खरं कारण. २००९ मध्ये पेरेट्झ आणि सहकाऱ्यांनी डोक्याला विद्युतअग्रं लावून, मधला एक सूर पाव स्वराने मुद्दाम बिघडवलेल्या चाली अशा माणसांना ऐकवल्या. चूक झाल्यावर सेकंदाच्या पाचव्या भागाच्या आसपास त्यांच्या मेंदूने नोंद केली, जवळपास इतरांसारखीच. त्यानंतर सुमारे सहाशे मिलिसेकंदांवर, चूक झाल्याची जाणीव झालेल्या माणसात जी दुसरी लाट उठते, ती यांच्यात उठली नाही. आणि विचारलं तर, चूक? कुठली चूक? म्हणजे माझ्या मेंदूत कुठेतरी एक कारकून बसला आहे. कोमल गंधार चुकला हे त्याने टिपलंय, फाइलही केलंय, आणि फाइल वर पाठवलेलीच नाही. कपाळाच्या बाजूचा भाग आणि कानामागचा भाग यांच्यातली उजव्या बाजूची वाहतूक यात कमी पडते, असं मेंदूची चित्रं घेणाऱ्यांपैकी अनेकांचं म्हणणं आहे. जोडणाऱ्या तंतूंच्या एका जुडग्यावर किती दोष टाकायचा, यावर त्यांच्यात वाद आहे. मोजण्याची पद्धत बदलली की उत्तर बदलतं.

आता सांगा, "लक्ष दे" हा सल्ला कुणाला होता? कारकून तर लक्ष देतच होता. अशा मुलांना चार आठवडे रोज गाणी ऐकवून बघितलं आहे. फरक पडला नाही. तरी गल्लोगल्ली 'कान तयार होतो' असं ठणकावून सांगणारे आहेतच. तयार होतो, ज्यांचा आधीपासून अर्धा तयार असतो त्यांचा. तानसेन नाही तर निदान कानसेन व्हावं असं म्हणतात. कानसेन होण्याची पात्रता कानात नसतेच, त्याच्या कितीतरी वरच्या मजल्यावर असते.

उलटा चावटपणाही मला खपत नाही. पार्टीत गाणं म्हणायची वेळ आली की "छे, आम्ही टोन डेफ!" म्हणून लाजणाऱ्यांचा. कॅनडातल्या एका विद्यापीठात सुमारे सतरा टक्के विद्यार्थ्यांनी स्वतःला हे बिरुद लावलं होतं, आणि चाचणीत त्यातले बहुतेक ठणठणीत निघाले. त्यांचा गळा कच्चा असतो. दुसऱ्याचा सूर चुकला की त्यांना लगेच खटकतं, आणि फरक तिथेच आहे. मला दुसऱ्याचाही खटकत नाही. चार टक्के लोक असे असतात हा आकडा १९८० पासून फिरत होता. २०१७ मध्ये सोळा हजारांवर लोकांच्या चाचण्या तपासल्यावर तो दीड टक्क्यावर आला. आम्ही थोडे आहोत. आमच्या रांगेत घुसू नका.

आता मी मैफलींना जाते, कारण तबला. लय मला पुरती कळते, तिहाई समेवर आली की माझी मान इतरांबरोबर हलते, आणि शेजारचे काका मला जाणकार समजून सुपारी पुढे करतात. मी सुपारी घेते.

रविवारी सकाळी नाना आणि मी रेडिओ लावून बसतो. निवेदिका बोलते तेव्हा त्यांना शब्द कळत नाहीत, म्हणून मी त्यांच्या कानाशी ओरडून सांगते, "राग तोडी म्हणतायत, नाना!"

"ते कळलंय मला," नाना म्हणतात. "तबल्यावर कोण म्हणाली?"