कान तयार न करता परीक्षा किती द्यायच्या?

परवा भाची घरी आली ती तोंड पाडूनच. नर्सिंग झालंय, परदेशी जायचंय, म्हणून आयईएलटीएस दिली. वाचन ठीक, लेखन ठीक, ऐकण्यात मात्र ६. हवे होते ७. "मामा, बाई काय बोलत होती तेच कळेना. इंग्रजीच होतं ना ते?"

मी तिच्या सरावाची वही मागितली. क्लासमध्ये तीन महिने रोज एक पूर्ण टेस्ट. ४० प्रश्न, बरोबर किती ते वर लिहिलेलं: २३, २४, २२, २४. चुकलेलं उत्तर का चुकलं, हे एकदाही कुणी पाहिलेलं नाही. माझा राग इथे आहे. रोज वजनकाट्यावर उभं राहिलं म्हणून वजन कमी होत नाही.

मग आम्ही दोघांनी मिळून एक चूक उघडली. पहिल्या भागात एक ऑस्ट्रेलियन बाई आपलं आडनाव ब्लेक सांगते आणि एकेक अक्षर उच्चारते. पोरीने लिहिलं होतं बी-एल-आय-के-ई. खरं होतं बी-एल-ए-के-ई. ऑस्ट्रेलियन माणसाचा 'ए' आपल्या कानाला 'आय'सारखा लागतो. 'डे' म्हणजे जवळजवळ 'डाय', 'एट' म्हणजे 'आइट'. हे एकदा कळल्यावर तिला त्याच टेस्टमधल्या आणखी दोन चुकांचं कारण आपोआप सापडलं.

आपल्याला हे नवीन नाही हो. वऱ्हाडात कुणी "डोया दुखते" म्हटलं की नवख्या माणसाला क्षणभर कळत नाही. पण तिथे 'ळ'चा 'य' होतो हे समजलं की काया, केयं, सगळं कळायला लागतं. उच्चार वेगळा असतो तो नियमाने वेगळा असतो, आणि नियम शिकता येतो.

या परीक्षेत ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन, न्यूझीलंडचे, अमेरिकन, कॅनेडियन असे सगळे आवाज येतात आणि ध्वनिफीत एकदाच वाजते. न्यूझीलंडचा 'पेन' आपल्याला 'पिन' ऐकू येतो. ब्रिटिश माणूस 'कार पार्क'मधला 'र' गिळतो, अमेरिकन 'वॉटर'चं 'वॉडर' करतो. आपण शाळेत प्रत्येक अक्षर ठासून म्हणायला शिकलो, म्हणून असा गिळलेला शब्द माहितीचा असूनही हातातून निसटतो.

मग आम्ही ठरवलं, पूर्ण टेस्ट आठवड्यातून एकच. बाकी दिवस फक्त १५ मिनिटं आणि ३०-४० सेकंदांचा एकच तुकडा. केंब्रिजच्या सराव पुस्तकांच्या मागे सगळं संभाषण छापलेलं असतं, ते वापरायचं. आधी न बघता ऐकून जेवढं कळेल तेवढं लिहायचं. आणखी दोनदा ऐकून गाळलेलं भरायचं. मग छापील मजकूर उघडून सुटलेल्या शब्दांखाली लाल रेघ मारायची आणि शेजारी कारण लिहायचं: शब्दच माहीत नव्हता, उच्चार वेगळा होता, की दोन शब्द एकमेकांत मिसळले. शेवटी लाल वाक्य मजकूर बघत चार-पाच वेळा ऐकायचं आणि त्या माणसाच्या बरोबरीने मोठ्याने म्हणायचं. दुसऱ्या दिवशी सुरुवात कालच्याच तुकड्याने, पण कागद न बघता. एका आठवड्यात एकाच देशाचा आवाज. रोज वेगळा घेतला की नियम कानात बसत नाही.

ही लाल रेघ आणखी एक गोष्ट सांगते. सुटलेले बहुतेक शब्द वाचल्यावर ओळखीचे निघाले तर दुखणं कानाचं आहे. वाचूनही कळत नसतील तर दुखणं शब्दसंग्रहाचं आहे, तिथे उच्चाराचा सराव फुकट जातो. आधी वाचन वाढवा. आणि वेग कमी करून ऐकायचं तर अडलेल्या एका वाक्यापुरतंच, नाहीतर त्या संथपणाची सवय लागते. परीक्षेत कुणी आपल्यासाठी थांबत नाही.

सात आठवडे झाले. परवाच्या टेस्टमध्ये ३० बरोबर आले, म्हणजे ७ च्या उंबरठ्यावर. न्यूझीलंडचा माणूस अजून छळतो. खरी परीक्षा पुढच्या महिन्यात आहे.

क्लासवाल्यांना माझं एवढंच म्हणणं आहे. फी घ्या, पण टेस्ट झाल्यावर चुका उघडून दाखवा. आणि नर्सिंग कॉलेजांनी शेवटच्या वर्षी सकाळी १५ मिनिटं एक स्पीकर लावून हे करायला काय हरकत आहे? खर्च जवळजवळ नाही. पुन्हा परीक्षेला बसायचं तर फी नव्याने भरावी लागते, आणि ती आई-बापाच्या खिशातून जाते.

तुमच्या घरात कुणी ही परीक्षा देत असेल तर आज त्याची वही मागा. नुसते आकडे आहेत की लाल रेघाही आहेत, ते बघा आणि खाली सांगा.